व्हिटॅमिन डी: आठवड्याची पुडी की रोजचे थेंब? आधी बेरीज, मग निवड

व्हिटॅमिन डीच्या बाबतीत लोक औषध निवडताना फारसे चुकत नाहीत, चुकतात ते घेताना. आठवड्याची पुडी कोणी रोज घेतो, आठ आठवड्यांचा कोर्स कोणी वर्षभर ओढतो, कोणी बाळाच्या थेंबांऐवजी मोठ्यांच्या डोसची छोटी बाटली वापरतो. पुडी आणि थेंब या दोन्हींत बहुतेक वेळा औषध एकच असतं, कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे डी३. फरक आहे तो मात्रेचा आणि वेळापत्रकाचा. त्यामुळे खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी रिपोर्ट, मग बेरीज, मग निवड आणि शेवटी घेण्याची पद्धत.

## १. रिपोर्ट नीट वाचा

व्हिटॅमिन डीच्या दोन तपासण्या असतात आणि त्यांची नावं फसवी आहेत. शरीरातला साठा दाखवते ती '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी'. '१,२५-डायहायड्रॉक्सी' ही वेगळी तपासणी आहे. ती मूत्रपिंडाच्या आणि काही मोजक्या आजारांसाठी असते. साठा कमी असतानाही ती नॉर्मल येऊ शकते, कधी जास्तसुद्धा. कमतरता आहे का हे पाहण्यासाठी चुकून ही दुसरी केली असेल, तर तिच्यावरून काही ठरवू नका.

मग एकक बघा. रिपोर्टमध्ये आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो किंवा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला २.५ ने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल ही एकच पातळी. जुना रिपोर्ट एका एककात आणि नवा दुसऱ्यात असला की '२२ वरून ५५ झालं' म्हणून घरात आनंद होतो, आणि प्रत्यक्षात पातळी जागची हललेलीही नसते.

आता आकड्याचा अर्थ. १२ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर ती खरी कमतरता, तिथे हाडांना धोका असतो. १२ ते २० च्या मध्ये साठा अपुरा धरतात. २० च्या पुढे बहुतेक निरोगी माणसांच्या हाडांसाठी पुरेसं असतं. गोंधळ होतो तो २० ते ३० च्या पट्ट्यात. अनेक प्रयोगशाळा ३० च्या खालचा प्रत्येक आकडा ठळक छापतात आणि पुढे 'अपुरे' असं लिहितात, कारण काही तज्ज्ञांनी ३० ही रेषा धरली होती. माझं मत स्पष्ट आहे: २४ आकडा आला आणि दुसरी काही तक्रार नाही, तर तो मोठ्या डोसच्या पुडीचा रुग्ण नाही. ठळक अक्षर ही छपाईची पद्धत आहे, निदान नव्हे.

तपासा: रिपोर्टवर तपासणीचं नाव, एकक आणि तारीख या तिन्ही गोष्टी तुम्हाला सापडल्या का? यांतली एक जरी सापडली नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## २. घरातलं सगळं व्हिटॅमिन डी एका कागदावर मांडा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढच्या बहुतेक चुका इथेच पेरल्या जातात.

सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, पावडर, सिरप आणि थेंबांची बाटली समोर मांडा. हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळीत बहुतेक वेळा डी३ असतं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, काही प्रोटीन पावडरींतही असतं. गेल्या काही महिन्यांत डी३ चं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही लिहा, कारण एका इंजेक्शनमध्ये काही लाख युनिट असू शकतात आणि ते हळूहळू रक्तात उतरत राहतं.

प्रत्येकाची मात्रा युनिटमध्ये आणा. लेबलवर युनिटऐवजी मायक्रोग्रॅम लिहिलेले असतील तर ४० ने गुणा: १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट, २५ म्हणजे १,०००. मिलिग्रॅम लिहिलेले असतील तर आधी १,००० ने गुणून मायक्रोग्रॅम करा. दीड मिलिग्रॅम हा आकडा किरकोळ दिसतो, पण ते ६०,००० युनिट होतात. नेहमीच्या पुडीत असतात तेवढे.

आणि बेरीज रोजची न करता आठवड्याची करा. पुडी आठवड्याला आणि थेंब रोज, अशी सरमिसळ डोक्यात तोलता येत नाही. सगळं आठवड्यावर आणलं की आकडे आपोआप बोलतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, ४६ वर्षांच्या एका बाईंची पातळी ११ नॅनोग्रॅम आली. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे लिहून दिली. त्या आधीपासून कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा घेतात आणि प्रत्येक गोळीत ५०० युनिट डी३ आहे. शिवाय एक मल्टिव्हिटॅमिन रोज, त्यात ४०० युनिट.

- कॅल्शियमच्या गोळ्या: ५०० × २ × ७ = ७,००० युनिट
- मल्टिव्हिटॅमिन: ४०० × ७ = २,८०० युनिट
- पुडी: ६०,००० युनिट

आठवड्याची बेरीज ६९,८०० युनिट. त्यातले ९,८०० युनिट, म्हणजे दिवसाला १,४००, त्या पुडीशिवायही घेतच होत्या. हा १,४०० चा आकडा लक्षात ठेवा, सातव्या पायरीत लागेल.

सावधान: लेबलवर 'कॅल्सिट्रायॉल' किंवा 'अल्फाकॅल्सिडॉल' लिहिलं असेल तर ते या बेरजेत धरू नका आणि स्वतःहून बंदही करू नका. ती आधीच क्रियाशील केलेली किंवा थोड्याशा बदलात क्रियाशील होणारी रूपं आहेत. त्यांची मात्रा अगदी सूक्ष्म असते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

## ३. मग ठरवा: पुडी की थेंब

पोटात गेलेलं व्हिटॅमिन डी यकृतात २५-हायड्रॉक्सी रूपात बदलतं आणि त्या रूपात रक्तात बराच काळ फिरतं. त्याची पातळी निम्म्यावर यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्याची एकूण मात्रा सारखी असेल, तर रोज थोडं घेतलं काय आणि आठवड्यातून एकदा घेतलं काय, काही आठवड्यांनी रक्तातला आकडा जवळपास तोच येतो. 'थेंब सौम्य, पुडी स्ट्राँग' हा समज इथेच गळून पडतो. पुडी स्ट्राँग ठरते ती तिच्यात मात्राच जास्त असते म्हणून. रोज १,००० युनिटचे थेंब म्हणजे आठवड्याला ७,०००. ६०,००० ची पुडी म्हणजे दिवसाला सरासरी साडेआठ हजारांहून जास्त. निरोगी प्रौढाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४,००० युनिटच्या वर जाऊ नये असं धरतात. म्हणजे पुडी त्या मर्यादेच्या दुप्पट पलीकडची गोष्ट झाली. ती उपचार म्हणून घ्यायची आणि उपचाराला शेवटची तारीख असते.

पुडी कुठे योग्य: तपासणीत खरी कमतरता दिसली आहे, साठा लवकर भरायचा आहे आणि डॉक्टरांनी किती आठवडे ते लिहून दिलं आहे. रोजचं औषध हमखास विसरणाऱ्या माणसालाही आठवड्याचा वार पाळणं सोपं जातं.

थेंब किंवा रोजची छोटी गोळी कुठे योग्य: साठा भरून झाला आहे आणि आता टिकवायचा आहे, किंवा पातळी मुळातच बरी आहे पण ऊन मिळत नाही. ७० वर्षांपर्यंतच्या प्रौढांना दिवसाला ६०० युनिट आणि त्यापुढे ८०० युनिट एवढी सर्वसाधारण गरज धरतात. तान्ह्या बाळासाठी ४०० युनिट, आणि तेही थेंबांतूनच.

पुडी महिन्यातून एकदा किंवा वर्षातून एकदा भरपूर घेऊन मोकळं व्हावं, ही कल्पना पुष्कळांना आवडते. ज्येष्ठांच्या बाबतीत ती उलटली आहे. ऑस्ट्रेलियात वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली निकाल आला तेव्हा त्या गटात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण औषध न मिळालेल्या गटापेक्षा जास्त निघालं. झुरिकमध्ये सत्तरीपुढच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात महिन्याला ६०,००० घेणारे २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले, तो निकाल २०१६ चा. त्यामुळे पन्नाशीपुढच्यांना गरज असेल तर अधूनमधून मोठा डोस घेण्यापेक्षा रोजची छोटी मात्रा बरी, हाच आजचा कल आहे.

सावधान: मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग, सार्कॉइडोसिस, पॅराथायरॉइडचा आजार किंवा रक्तात आधीच जास्त कॅल्शियम असेल, तर पुडी आणि थेंब दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. रक्तदाबासाठी थायाझाइड गटाची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तरीही हेच. गरोदरपणातही मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

## ४. पुडी घेण्याची पद्धत

लिहून दिल्या असतील तेवढ्याच पुड्या घ्या, जास्तीच्या घरात ठेवू नका. घरी आल्या आल्या पेन घेऊन प्रत्येक पुडीवर तारीख घाला. वार एकच ठेवा, म्हणजे आठ रविवार असतील तर आठ पुड्यांवर त्या आठ रविवारांच्या तारखा. या एका कामाने दोन चुका टळतात. आज घेतली की नाही हा प्रश्न उरत नाही, आणि कोर्स कधी संपणार ते डोळ्यांसमोर राहतं. फक्त मोबाईलच्या गजरावर विसंबू नका. गजर बंद केला की डोस झाला असं वाटतं, आणि पुडी डब्यातच राहते.

पुडी दिवसातल्या मोठ्या जेवणानंतर घ्या. व्हिटॅमिन डी स्निग्धात विरघळतं, त्यामुळे स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत ते जास्त शोषलं जातं. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेण्याची सवय असेल तर बदला. दाणे ग्लासभर दूध किंवा पाण्यात चांगले ढवळा, लगेच प्या आणि तळाला राहिलेले कण थोडं पाणी घालून विसळून प्या. तळाशी राहतं ते औषधच असतं.

अर्धी पुडी आज, अर्धी तीन दिवसांनी असं करू नका. दाणे सारखे वाटले जातात असं नाही आणि उघडी पुडी ओल धरते. बाळाला तर पुडीचा चिमूटभरही भाग देऊ नका.

तपासा: चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे शब्द अक्षरांत लिहिलेले आहेत का? नुसतं '१ × ८' असेल तर कोणीतरी ते आठ दिवस समजेल. डॉक्टरांकडून किंवा औषध देणाऱ्याकडून वार लिहून घ्या. आठ पुड्या आठ दिवसांत गेल्या तर ४,८०,००० युनिट आठवडाभरात पोटात जातात.

## ५. थेंब देण्याची पद्धत

थेंबांच्या बाटल्या दिसायला सारख्या, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एका प्रकारात १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, दुसऱ्यात १ मिलिलिटरमध्ये ८००. आणि काही दाट थेंबांत एका थेंबात ४०० युनिट असतात. तिसऱ्या प्रकारातलं औषध पहिल्या प्रकाराच्या सवयीने ड्रॉपर भरून दिलं तर काय होईल ते बघा. १ मिलिलिटरमध्ये साधारण २५ थेंब धरले, तर २५ × ४०० = १०,००० युनिट, बाळाच्या रोजच्या गरजेच्या पंचवीसपट. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० साली नेमका याच कारणाने इशारा दिला होता: बाळासाठीच्या ड्रॉपरमध्ये ४०० युनिटपेक्षा जास्त मावू नये.

म्हणून 'एक ड्रॉपर द्या' किंवा 'थोडे थेंब घाला' हे घरात चालू देऊ नका. लेबलवरचा आकडा वाचायचा, मग किती मिलिलिटर किंवा किती थेंब ते मोठ्या अक्षरांत बाटलीवर चिकटवायचं. बाळाला आई, आजी किंवा सांभाळणारी बाई यांपैकी कोणीही औषध देत असेल, तर चिकटवलेलं तेच सगळ्यांनी पाळायचं.

ड्रॉपर त्याच बाटलीचा हवा. दुसऱ्या औषधाच्या ड्रॉपरवरच्या रेघा या औषधासाठी नसतात, आणि त्याचा थेंब लहान-मोठा पडू शकतो. थेंब मोजताना बाटली किंवा ड्रॉपर लेबलवर सांगितला असेल तसा धरा, बहुधा सरळ उभा. आधी चमच्यात थेंब मोजा, मग बाळाच्या तोंडात द्या. थेट तोंडात सोडताना एक जास्त गेला तर परत घेता येत नाही. दुधाच्या भरलेल्या बाटलीत घालू नका, कारण दूध उरलं की औषधही उरलं.

बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. त्यावरून एक सोपी पडताळणी होते. १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असलेली १५ मिलिलिटरची बाटली, रोज १ मिलिलिटर दिलं तर १५ दिवसांत संपली पाहिजे. दोन महिने झाले तरी अर्धी उरली असेल तर बाळाला मात्रा मिळतच नाही. उलट एका थेंबात ४०० युनिट असलेली १० मिलिलिटरची बाटली, रोज एक थेंब दिल्यास अनेक महिने पुरायला हवी. ती दोन आठवड्यांत संपली तर देणं लगेच थांबवा आणि बाळाला डॉक्टरांकडे न्या.

सावधान: मोठ्यांसाठी ६०,००० युनिटचा डोस ५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतूनही मिळतो. ती अख्खी बाटली म्हणजे आठवड्याचा एक डोस. आकाराने ती बाळाच्या थेंबांसारखीच दिसते. घरात दोन्ही असतील तर एकाच कपाटात ठेवू नका.

## ६. डोस चुकला किंवा जास्त गेला तर

रोजचे थेंब एक दिवस विसरले तर विसरले. दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, साठ्याला एका दिवसाने काही होत नाही. आठवड्याची पुडी राहिली तर आठवलेल्या दिवशी घ्या आणि पुढचे सात दिवस तिथून मोजा. पुड्यांवरच्या तारखाही खोडून नव्या घाला. मागची भरून काढायला एका आठवड्यात दोन घेऊ नका.

प्रौढाने चुकून एखादी पुडी जास्त घेतली, तर घाबरण्यासारखं सहसा नसतं. पुढची पुडी एक आठवडा पुढे ढकला आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. पण बरेच दिवस रोज घेतली गेली असेल, किंवा बाळाच्या पोटात मोठा डोस गेला असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते रक्तातलं कॅल्शियम तपासतील, कारण त्रास देतं ते व्हिटॅमिन डी नव्हे, तर त्यामुळे वाढलेलं कॅल्शियम.

त्याची लक्षणं ओळखीची नसतात आणि म्हणून निसटतात: सारखी तहान, वारंवार लघवी, भूक मरणं, मळमळ, बद्धकोष्ठता, अंगातलं त्राण जाणं आणि वयस्करांत गोंधळल्यासारखं वागणं. वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडावर बेततं. औषध बंद केल्यावरही चरबीत साठलेलं व्हिटॅमिन डी कित्येक आठवडे, कधी महिने रक्तात येत राहतं. 'बंद केलं ना, मग झालं' असं म्हणून घरी बसू नका.

## ७. फेरतपासणी, आणि पुडीवरून उतरणं

तपासणी कोर्स सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी करा. आधी केली तर आकडा अजून चढता असतो आणि त्यावरून मात्रा ठरवणं चुकतं. पुडी चालू असतानाच तपासायची वेळ आली, तर पुढची पुडी घेण्याच्या आधी रक्त द्या. आधीचीच प्रयोगशाळा बरी, कारण प्रयोगशाळा आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा सरकतो.

आता उदाहरणातल्या बाईंकडे परत येऊ. आठ पुड्या संपल्या, तपासणीत पातळी ३४ आली. इथे बहुतेक लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण 'बरं वाटतंय' म्हणून पुडी तशीच चालू ठेवतात. वर्षभर चालली तर ५२ पुड्यांचे ३१,२०,००० युनिट होतात. काही जण पुडी संपताच वेगळे थेंब विकत आणतात. या बाईंना थेंबांचीही गरज नाही. कॅल्शियमच्या गोळ्या आणि मल्टिव्हिटॅमिन मिळून त्यांच्या पोटात रोज १,४०० युनिट जातच आहेत, आणि टिकवण्यासाठी तेवढे पुरतात. पुढे डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या, तर मात्र १,००० युनिट एकदम गळतील आणि मल्टिव्हिटॅमिनचे ४०० च उरतील. त्या वेळी रोजचे थेंब सुरू करण्याबद्दल विचारावं.

आठ पुड्या घेऊनही आकडा फारसा हलला नाही तर लगेच आणखी आठ घेऊ नका. आधी कारण शोधा. पुड्या खरंच आठ घेतल्या का, की तीन डब्यातच आहेत? उपाशीपोटी घेतल्या का? वजन बरंच जास्त असेल तर तीच मात्रा कमी पडते, काही वेळा दुप्पट-तिप्पट लागते. फिट्ससाठी फेनिटॉइन, क्षयासाठी रिफाम्पिसिन किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असतील, तर शरीरात व्हिटॅमिन डी लवकर खर्ची पडतं किंवा त्याचा परिणाम कमी होतो. वजन कमी करण्यासाठीच्या ऑर्लिस्टॅटने स्निग्धासोबत तेही बाहेर जातं. यांपैकी काहीच नसेल, तर सततचे जुलाब, सीलिॲकसारखा आतड्यांचा आजार किंवा पूर्वी झालेली पोटाची शस्त्रक्रिया यांबद्दल डॉक्टरांना सांगा. अशा वेळी दुसऱ्या पायरीत केलेला तो कागद सोबत न्या. त्यावर प्रत्येक औषध आणि त्याची आठवड्याची मात्रा असतेच, फक्त पुड्या प्रत्यक्ष कोणकोणत्या तारखांना घेतल्या तेवढं खाली जोडा.